शिक्षकाचे अर्जपत्र : वर्गातून सॉफ्टवेअर-चाचणीकडे जाताना

शिक्षकी पेशा सोडून संगणकाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी काहींची नजर सॉफ्टवेअरच्या चाचणीकडे वळते. हे काम थोडक्यात असे आहे. एखादी आज्ञावली लोकांच्या हाती देण्यापूर्वी ती ठरल्याप्रमाणे चालते की नाही हे पद्धतशीरपणे तपासावयाचे, कोठे चुकते ते शोधावयाचे आणि ती चूक करणाऱ्याला दुरुस्त करता येईल अशा शब्दांत लिहून द्यावयाची. बँकेचे खाते, वीजबिल, सातबाराचा उतारा, शाळेचा निकाल, या साऱ्यांमागे आज अशा आज्ञावल्या आहेत. त्या तपासणाऱ्याला परीक्षक म्हणावे, तर शिक्षकाच्या मनात लगेच येते की, परीक्षक तर आपण आहोतच.

येथेच पहिली अडचण उभी राहते. अर्जासोबत जे पत्र जोडावे लागते, त्यात हा शब्दांचा योगायोग पुरावा म्हणून मांडला जातो. उदाहरणादाखल फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात अकरा वर्षे गणित शिकविणारी एक शिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. चाचणीच्या नवशिक्या जागेसाठी तिने लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात पुढील मजकूर होता :

"मला गुणवत्ता-तपासणीचा अकरा वर्षांचा अनुभव आहे. हजारो उत्तरपत्रिकांची चाचणी मी केली आहे. संघनेतृत्व, वेळेचे नियोजन आणि संवादकौशल्य यांत मी पारंगत आहे. कोणतेही तंत्र मी अल्पावधीत आत्मसात करू शकते."

यातील एकही वाक्य उघड खोटे नाही. तरीही पहिले वाक्य वाचणाऱ्याची दिशाभूल करते, आणि उरलेली तीन कोणत्याही पेशातील कोणत्याही माणसाने लिहावीत अशी आहेत. अर्ज वाचणारा माणूस चाचणीच्या कामात मुरलेला असतो. उत्तरपत्रिका तपासणे म्हणजे सॉफ्टवेअर तपासणे नव्हे हे त्याला ठाऊक असते, आणि 'अकरा वर्षे' हा शब्दप्रयोग वाचताच पुढील प्रत्येक विधानाकडे तो संशयाने पाहू लागतो. मुलाखतीत तो एवढेच विचारतो : "या अकरा वर्षांत नोंदविलेल्या दोषांपैकी एखादा सांगा." तेथे पत्राचा डोलारा कोसळतो.

मग शिक्षकाजवळ या कामी खरोखर उपयोगी पडेल असे काय असते? उत्तर शोधावयाचे तर उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामाकडे पाहण्याऐवजी प्रश्नपत्रिका काढण्याच्या कामाकडे पाहिले पाहिजे.

ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चाचणीच्या शास्त्रात तो आजही मूळ ग्रंथांपैकी एक मानला जातो. त्याच्या आरंभीच वाचकाला एक लहानसे कोडे घातलेले आहे. एक आज्ञावली तीन पूर्णांक घेते, त्यांना त्रिकोणाच्या तीन बाजू मानते आणि तो त्रिकोण विषमभुज, समद्विभुज की समभुज हे सांगते. ती नीट तपासण्यासाठी कोणकोणती संख्यात्रये द्याल? मायर्स यांनी उत्तरांसाठी चौदा कसोट्या दिल्या आहेत आणि अनुभवी आज्ञावलीकारांनाही सरासरीने चौदांपैकी फक्त ७.८ गुण मिळतात असे नमूद केले आहे.

गणिताच्या शिक्षकाने हे कोडे पाहिले की त्याचा हात आपोआप कागदाकडे जातो. ३, ४, ५ हा विषमभुज. ५, ५, ५ हा समभुज. ३, ३, ४ हा समद्विभुज. येथपर्यंत कोणीही पोहोचतो. पण वर्गात भूमिती शिकविलेल्या माणसाला आठवते की कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी लागते, म्हणून १, २, ३ या लांबीच्या काड्यांचा त्रिकोण होत नाही, त्या एका रेषेत पडतात. त्याला हेही आठवते की मुले हा नियम पाठ म्हणतात आणि पडताळताना मात्र एकच जोडी पाहून थांबतात. आज्ञावली लिहिणाराही नेमके तेच करू शकतो. त्याने फक्त पहिल्या दोन संख्यांची बेरीज तिसरीशी ताडून पाहिली असेल, तर १, २, ३ दिल्यास चूक उघडकीस येणार नाही, कारण १ अधिक २ हे ३ पेक्षा मोठे नाहीत आणि आज्ञावली योग्य तोच नकार देईल. पण त्याच संख्या ३, १, २ अशा क्रमाने दिल्या की ३ अधिक १ म्हणजे ४ हे २ पेक्षा मोठे ठरतात आणि अस्तित्वातच नसलेला त्रिकोण 'विषमभुज' म्हणून जाहीर होतो. म्हणून तिन्ही क्रम तपासावे लागतात. शून्य, ऋण संख्या, तीनऐवजी दोनच संख्या हेही तपासावे लागते. मायर्स यांची चौदावी कसोटी तर शिक्षकाला विशेष जवळची वाटावी. प्रत्येक चाचणीचे अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवले होते काय, असे ते विचारतात. आदर्श उत्तरपत्रिका तयार केल्याशिवाय प्रश्नपत्रिका नियामकाकडे पाठवू नये हा शाळेतील दंडक याहून वेगळा नाही.

संविधान तक्त्याप्रमाणे प्रत्येक घटकाला योग्य वाटा देणे, मूल कोठे घसरेल याचा अंदाज बांधून तेथे प्रश्न ठेवणे आणि उत्तर आधी निश्चित करणे, ही तीन कामे ज्याने वर्षानुवर्षे मनापासून केली आहेत, त्याला चाचणी रचण्याचा एक खरा भाग येतो. 'मनापासून' हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे. जुन्या प्रश्नपत्रिकेतील आकडे बदलून नवी काढणाऱ्याने हा दावा करू नये.

परंतु असा दावा पत्रात नुसता करून भागत नाही. त्यासोबत एक लहानसे, खरे काम दाखवावे लागते. ते काम शाळेतच सापडते. या शिक्षिकेने आपल्या विद्यालयाची निकालाची संगणकीय तक्ता-पत्रिका घेतली. तिची एक प्रत काढून मुलांची नावे काल्पनिक केली, कारण मुलांचे खरे गुण बाहेर दाखविणे योग्य नव्हे. त्यात दोन चाचण्यांचे गुण, त्यांची सरासरी आणि निकाल असे रकाने होते. सरासरीच्या व निकालाच्या रकान्यांत पुढील सूत्रे होती :

```
D2:  =(B2+C2)/2
E2:  =IF(D2>=35,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")
```

वर्षभर कोणाची तक्रार आली नव्हती. शिक्षिकेने ३५ या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचे गुण मुद्दाम भरून पाहिले, कारण चुका बहुधा सीमेवरच दडलेल्या असतात. ३४ व ३४ यांना अनुत्तीर्ण, ३५ व ३५ यांना उत्तीर्ण, येथपर्यंत ठीक होते. मग ३३ व ३६ भरले. सरासरी ३४.५ आली. पण रकाना अपूर्णांक न दाखविता पूर्णांकच दाखवील असा बेतलेला होता. त्यामुळे पडद्यावर ३५ दिसत होते आणि शेजारी 'अनुत्तीर्ण'. दोन मुलांच्या नावापुढे ३५ हाच आकडा आणि निकाल मात्र वेगळा. चौकटीत दिसते एक आणि आत साठविलेले असते दुसरे, हा अशा तक्त्यांतील नेहमीचा सापळा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर निघाली. परीक्षेस न बसलेल्या मुलाच्या सरासरीच्या चौकटीत सूत्र पुसून 'गैरहजर' असा शब्द लिहिण्याची शाळेत रीत होती. तसे करताच निकालाच्या रकान्यात 'उत्तीर्ण' असे उमटले! कारण असे की, एक्सेलमध्ये मजकूर आणि संख्या यांची तुलना केली असता मजकूर नेहमी मोठा धरला जातो. 'गैरहजर' हा शब्द ३५ पेक्षा मोठा ठरला.

हे दोष तिने कसे लिहिले हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या प्रयत्नात तिच्यातील शिक्षिका बोलली : "सूत्र निष्काळजीपणे लिहिलेले आहे, गैरहजर मुलेही पास होतात." लाल शाईने शेरा मारण्याची सवय सहज सुटत नाही. पण शेरा वाचून दुरुस्ती करता येत नाही, आणि ज्याने काम केले त्याचा स्वभाव हा चाचणीचा विषय नसतो. दुसऱ्या वेळी तिने लिहिले :

"शीर्षक : सरासरीच्या रकान्यात मजकूर असल्यास निकाल 'उत्तीर्ण' येतो. कृती : १) तक्ता उघडा. २) D9 या चौकटीत 'गैरहजर' असे लिहून एंटर दाबा. ३) E9 पहा. अपेक्षित : 'गैरहजर' किंवा रिकामी चौकट. प्रत्यक्ष : 'उत्तीर्ण'. वारंवारता : प्रत्येक वेळी, पाच वेळा करून पाहिले. परिणाम : परीक्षा न दिलेला विद्यार्थी उत्तीर्ण म्हणून निकालपत्रकात जातो."

यात मत नाही, कृती आहे. वाचणारा ती स्वतः करून पाहू शकतो. पहिल्या दोषाबाबत मात्र तिने 'अपेक्षित' या शब्दापुढे उत्तर लिहिले नाही, प्रश्न लिहिला : "३४.५ ही सरासरी ३५ धरावयाची की नाही याचा नियम मुख्याध्यापकांनी ठरवून द्यावा." हा फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. वर्गात बरोबर उत्तर शिक्षकाजवळ असते. चाचणीत ते पुष्कळदा कोणाजवळच नसते आणि ते विचारून घ्यावे लागते. अकरा वर्षे उत्तर ठाऊक असण्याची सवय झालेल्या माणसाला ही गोष्ट जड जाते. चाचणीत आलेला शिक्षक येथे अडखळू शकतो.

सूत्र दुरुस्त झाल्यावर आणखी एक धडा मिळाला. ३४.५ ला ३५ धरावे असे ठरले आणि नवे सूत्र असे लिहिले गेले :

```
=IF(ISNUMBER(D2),IF(ROUND(D2,0)>=35,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"),"गैरहजर")
```

दोन्ही दोष गेले. पण एका सहकाऱ्याने दुसऱ्या फाइलमधून सरासरीचे आकडे आणून चिकटविले होते. ते दिसावयास आकडे, पण संगणकाच्या लेखी मजकूर होते. तेथे ४२ गुणांचा हजर विद्यार्थी आता 'गैरहजर' झाला. पूर्वी तो निदान उत्तीर्ण दिसत होता. दुरुस्तीनेच नवी चूक आणली. उत्तरपत्रिका एकदा तपासली की गठ्ठा बांधून ठेवता येतो. आज्ञावली मात्र प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा तपासावी लागते, आणि आधी बरोबर असलेलेही पुन्हा पाहावे लागते. हा भाग शिक्षकी पेशात शिकावयास मिळत नाही.

तसाच आणखी काही भाग नाही. नोकरीच्या जाहिरातीत चाचणी आपोआप चालविणाऱ्या साधनांचा उल्लेख असतो, उदाहरणार्थ सेलेनियम. त्यासाठी थोडीबहुत आज्ञावली लिहिता आली पाहिजे. माहितीसाठ्यातून हवी ती माहिती काढण्याची एसक्यूएल ही भाषा लागते. आठवड्या-दोन आठवड्यांच्या मुदतीत आठ-दहा जणांनी मिळून काम पुढे नेण्याची पद्धत अंगवळणी पडावी लागते. या बाबतीत शिक्षक कोरा असेल, तर पत्रात तसे लिहावे. आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेची पायाभूत प्रमाणपत्र-परीक्षा पुष्कळ जण देतात. चाळीस पर्यायी प्रश्न, साठ मिनिटांचा वेळ आणि उत्तीर्ण होण्यास सव्वीस गुण, असे तिचे स्वरूप आहे. ती दिल्याने परिभाषा कळते. दोष शोधता येतो हे तिने सिद्ध होत नाही. शिक्षकांना तरी पर्यायी प्रश्नांच्या मर्यादा वेगळ्या सांगावयास नकोत.

या सर्व विचारांती तयार झालेले पत्र पुढे दिले आहे. प्रत्यक्षात ते इंग्रजीत पाठविले जाईल. येथे त्याचा मजकूर मराठीत आहे.

"महोदय,

आपल्या संस्थेतील कनिष्ठ चाचणी-परीक्षक या जागेसाठी हा अर्ज आहे. मी अकरा वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकविले आहे. सॉफ्टवेअर-चाचणीची पगारी नोकरी मी केलेली नाही.

शाळेत इयत्ता आठवी ते दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका व आदर्श उत्तरपत्रिका मी दरवर्षी तयार करीत आले. विद्यार्थी कोठे चुकेल हे ओळखून तेथे प्रश्न ठेवणे हे त्या कामाचे मर्म आहे, आणि चाचण्या रचताना मला त्याचा उपयोग झाला. गेल्या आठ महिन्यांत मी आमच्या शाळेच्या निकालपत्रकाची चाचणी केली. नावे बदललेला तक्ता, सव्वीस चाचण्या आणि चार दोषनोंदी सोबत जोडल्या आहेत. त्यांपैकी दुसरी नोंद प्रथम पाहावी ही विनंती. तिच्यात गैरहजर विद्यार्थी उत्तीर्ण ठरण्याचा दोष असून तो शाळेने दुरुस्त केला. दुरुस्तीमुळे उद्भवलेला नवा दोष चौथ्या नोंदीत आहे. तो मला पहिल्या फेरीत सापडला नव्हता. निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्याच्या तक्त्यात दिसला.

आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे. एसक्यूएलमध्ये एक-दोन तक्ते जोडून माहिती काढण्याइतपत सराव आहे. सेलेनियमचे शिक्षण नुकतेच सुरू केले असून त्यात मी अद्याप स्वतंत्रपणे काम करू शकत नाही. आज्ञावलीकारांच्या गटात काम करण्याचा अनुभव नाही.

निवड झाल्यास सेवानियमांप्रमाणे पूर्वसूचना देऊन, चालू सत्र संपल्यावर रुजू होता येईल.

आपली विश्वासू"

पत्र एका पानाचे आहे. पहिल्याच परिच्छेदात नसलेला अनुभव नाही म्हणून सांगितला आहे. पुष्कळांना हे आत्मघातकी वाटते आणि ती कबुली ते शेवटी ढकलतात किंवा गाळतात. पण बायोडेटा सोबत असतोच, त्यात ती गोष्ट दिसणारच असते. ती आधी सांगितली की वाचणारा पुढील मजकूर फसगतीच्या भीतीशिवाय वाचतो. चौथ्या नोंदीविषयीचे वाक्य ठेवावे की नाही याबद्दल शिक्षिकेच्या मनात चलबिचल होती. आपला दोष आपणच का सांगावा? पण चाचणीच्या क्षेत्रात सर्व दोष सापडले असे म्हणणारा माणूस नवखा समजला जातो. काय सुटले आणि ते कसे कळले हे सांगू शकणाऱ्याचे बोलणे तेथे ऐकले जाते.

काही गोष्टी पत्रातून वगळल्या आहेत. 'संवादकौशल्य' हा शब्द नाही. ते कौशल्य असेल तर दोषनोंदीत दिसेल. शाळा का सोडावयाची याचे गाऱ्हाणे नाही. मुलाखतीत ते विचारले जाईल तेव्हा एका वाक्यात खरे कारण सांगावे, मग ते पगाराचे असले तरी. वर्ग सांभाळणे म्हणजे संघनेतृत्व असेही लिहिलेले नाही. चाळीस मुले शिक्षकाचे ऐकतात ती त्याच्या पदामुळे, आणि सहकारी आज्ञावलीकाराला दोष पटवून देताना ते पद सोबत नसते.

पूर्वसूचनेचे वाक्य मात्र विचारपूर्वक लिहावे. महाराष्ट्रातील खासगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची आणि अन्य कर्मचाऱ्याला एका महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. इतर राज्यांतील शिक्षकांनी आपल्या शाळेचे नियम व नेमणूकपत्र पाहून मुदत लिहावी. 'त्वरित रुजू होऊ शकते' असे लिहून नंतर तीन महिने मागणारा उमेदवार पहिल्याच व्यवहारात शब्द मोडतो, आणि सत्राच्या मध्यात दहावीचा वर्ग रिकामा सोडून जाणाराही.

एक शंका शिक्षक हमखास विचारतात. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर नवशिक्याच्या जागेसाठी, बावीस वर्षांच्या मुलांबरोबर अर्ज करावा काय? पत्र खरे असेल तर दुसरी जागा उपलब्ध नाही. पगार आरंभी अनुदानित शाळेतील कायम शिक्षकापेक्षा कमी असू शकतो, आणि निवृत्तीनंतरच्या लाभांचाही हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो हिशेब पत्र पाठविण्यापूर्वी घरात बसून करावयाचा आहे. या शिक्षिकेने तो केला आणि शाळेची नोकरी न सोडता आधी पाच ठिकाणी पत्रे पाठविली. प्रत्येक पत्रात दोषनोंदीचा क्रम त्या त्या संस्थेच्या कामाप्रमाणे बदलला होता. जी संस्था बँकांसाठी काम करीत होती, तिच्या पत्रात ३४.५ ची नोंद पहिली होती, कारण अपूर्णांक पैशांत कोठे वळवावयाचा हा प्रश्न तेथे रोजचा असतो.